अनुभव धागा: नोटिशीची वसुली ग्रॅच्युइटीतून झाली का?

मैथिली_क
नोकरी सोडल्यावर मिळणाऱ्या फुल अँड फायनल विवरणात येणे आणि वसुली मांडून शेवटी एकच निव्वळ रक्कम दिलेली असते. त्या एका रकमेत ग्रॅच्युइटीचे काय झाले हे सहज दिसत नाही. 2023 मध्ये मला हे प्रत्यक्ष अनुभवावे लागले, म्हणून सुरुवात मीच करते. आपणही आपले अनुभव लिहावेत.

माझे मूळ वेतन 39,000 रुपये, एकूण पगार 60,000 आणि नोकरी 6 वर्षे 7 महिने होती. विवरणात जूनच्या 17 दिवसांच्या पगाराचे 34,000, शिल्लक 14 रजांचे 18,200 आणि ग्रॅच्युइटीचे 1,17,000, असे एकूण 1,69,200 रुपये येणे होते. नोटिशीचे 30 दिवस कमी पडले म्हणून 60,000 आणि पगारी उचलीचे 20,000 वजा होऊन 89,200 उरले. (भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कराची किरकोळ कपात मी येथे धरलेली नाही.) बेरीज-वजाबाकी बरोबर असल्यामुळे मी जवळजवळ सही करणार होते.

जुना_लेखापाल
बेरीज बरोबर असली तरी तिच्यातील आकडे चुकलेले आहेत. पगार विभागात मी अनेक वर्षे अशी विवरणे तयार केली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण नोकरी सोडली तेव्हा लागू असलेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यानुसार महिन्याच्या मूळ वेतनाला 30 ने नव्हे, तर 26 ने भागून दर वर्षासाठी 15 दिवसांची रक्कम काढत असत. शिवाय सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जात असे. म्हणजे आपली वर्षे 7 होतात आणि रक्कम अशी येते:

`39,000 × 15 ÷ 26 × 7 = 1,57,500`

आपल्या कंपनीने 30 ने भागले आणि वर्षेही 6 धरली, त्यामुळे 40,500 रुपये कमी लागले. नोटिशीची वसुली मूळ वेतनावर की एकूण पगारावर, हे मात्र कायदा सांगत नाही, ते नेमणूकपत्रात पाहावे लागते. रजेच्या पगाराचा भाजकही असाच कंपनीच्या नियमांत शोधावा.

सातपुडा
ग्रॅच्युइटीला कंपनी कोणत्याही परिस्थितीत हात लावू शकत नाही. माझ्या भावाने एवढेच ठणकावून सांगितले आणि पूर्ण रक्कम मिळवली.

जुना_लेखापाल
सातपुडा, राजीनामा दिलेल्यांच्या बाबतीत आपले म्हणणे योग्य आहे. परंतु हेतुपुरस्सर कृत्यामुळे किंवा हलगर्जीपणामुळे मालमत्तेचे नुकसान केले म्हणून बडतर्फ केलेल्या कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी त्या नुकसानीइतकी रोखता येते. नोटिशीचे कमी पडलेले दिवस त्यात बसत नाहीत. म्हणून वसुली आधी पगार आणि रजेच्या रकमेसमोर मांडून पाहावी. ती त्यांहून मोठी निघाली, तर उरलेली वसुली ग्रॅच्युइटीच्या रकमेत शिरली आहे असे समजावे.

पाणवठा
माझ्या विवरणात भविष्य निर्वाह निधीची रक्कमच नव्हती. तीही ग्रॅच्युइटीतून कापली असेल का?

रेवती_न
पाणवठा, ती रक्कम आपल्या निधीच्या खात्यात असते आणि तिच्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, म्हणून ती या विवरणात येत नाही. माझा प्रश्न निराळा आहे. मी 4 वर्षे 10 महिन्यांनी नोकरी सोडली, तेव्हा पाच वर्षे पूर्ण नसल्याचे सांगून ग्रॅच्युइटीची ओळच विवरणातून वगळण्यात आली. पाचव्या वर्षात 240 दिवस भरले तर हक्क निर्माण होतो, असे मद्रास उच्च न्यायालयाने म्हटलेले आहे. कंपनीला मात्र ते मान्य नाही. मी कंपनीला ग्रॅच्युइटी मागणीचा अर्ज, म्हणजे नमुना आय, भरून दिला, उत्तर आले नाही, आणि आता ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे तक्रारीचा नमुना एन दाखल केला आहे. निकाल अजून लागलेला नाही.

मैथिली_क
लेखापाल महोदयांनी सुचवल्याप्रमाणे मांडून पाहिले. पगार आणि रजा मिळून 52,200 होतात आणि वसुली 80,000, म्हणजे 27,800 रुपये ग्रॅच्युइटीतून गेले होते. नेमणूकपत्रात नोटिशीची वसुली मूळ वेतनावर करण्याचे लिहिले होते. त्याप्रमाणे ती 60,000 नव्हे, 39,000 व्हायला हवी होती. मी पावतीवर ‘हरकत राखून स्वीकारले’ असे लिहून सही केली आणि दोन्ही हिशेब लेखी पाठवले. ग्रॅच्युइटीचा 40,500 रुपयांचा फरक मिळाला. नोटिशीचे 21,000 मात्र अजून वादात आहेत, कारण राजीनामा देताना भरलेल्या एका छापील अर्जात ‘सर्व येण्यांतून वसुलीस संमती’ असे वाक्य होते आणि त्याखाली माझी सही आहे. अशी संमती ग्रॅच्युइटीलाही लागू होते का, याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया लिहावा.