अनुभव धागा: परीक्षेच्या आदल्या रात्री, मोबाइलमधले सत्याऐंशी फोटो

पाटीपेन्सिल

आधी एक छोटी गोष्ट सांगते, मग तुम्ही भर घाला.

तन्वी दहावीला, राज्य मंडळ, मराठी माध्यम. उद्या अकराला गणित भाग 2, म्हणजे भूमिती. रात्रीचे आठ वाजलेत आणि वर्गाच्या ग्रुपवरून आलेले सरावप्रश्नांचे 87 फोटो मोबाइलमध्ये पडून आहेत. ती पलंगावर आडवी होऊन एकेक सरकवतेय. प्रश्न, पुढच्या फोटोत उत्तर, पुन्हा प्रश्न. चाळीस मिनिटांत तीस फोटो झाले. "सगळं येतंय गं," असं आईला सांगूनही झालं.

शेजारच्या खोलीतून आत्या आली. तिने त्या तिसांतलाच एक फोटो निवडला, प्रश्न कागदावर उतरवायला लावला आणि मोबाइल पालथा ठेवला. प्रश्न असा: वर्तुळाबाहेरच्या B बिंदूतून काढलेली स्पर्शिका वर्तुळाला A मध्ये स्पर्श करते. B मधूनच जाणारी छेदिका वर्तुळाला आधी C मध्ये आणि मग D मध्ये छेदते. BC = 4, CD = 5, तर AB किती?

तन्वीने झटक्यात लिहिलं: AB² = 4 × 5 = 20. पंचवीस मिनिटांपूर्वी तिने याच प्रश्नाच्या उत्तराला मान डोलावली होती, आणि तिथे स्वच्छ लिहिलं होतं, AB² = BC × BD = 4 × 9 = 36, म्हणून AB = 6.

आत्या ओरडली नाही. "तुला ते वाचता येत होतं, करता येत नव्हतं," एवढंच म्हणाली. मग दोघींनी मिळून फोटो निवडले. 22 तेच ते, दोन-दोनदा फॉरवर्ड झालेले. 19 नुसती उत्तरं, प्रश्नाचा पत्ता नाही. 9 जुन्या अभ्यासक्रमाचे. 6 कापलेले नाहीतर धूसर. उरले 31. त्यातले दहा निवडले, बाकीच्यांकडे पाहायचं नाही असं ठरलं. दहाही कागदावर, मोबाइल पालथा. चार चुकले. ते चार अकरा वाजता कोऱ्या कागदावर परत केले, तीन जमले. चौथा राहिला तसाच ठेवून दिवा घालवला.

आता तुम्ही लिहा. अशा फोटोंचं नेमकं काय करायचं, काय टाकायचं, कुठे फसगत होते? स्वतःच्या गुणांच्या गोष्टी नकोत, कामाचं लिहा.

खडूफळा

स्पर्शिका-छेदिकेत ही चूक इतकी नेमाने होते की वही न उघडता सांगता येईल. मुलं शेजारी दिसणाऱ्या दोन तुकड्यांचा गुणाकार करतात, BC आणि CD. प्रमेयातली दोन्ही अंतरं मात्र बाहेरच्या बिंदूपासून मोजायची असतात: B पासून C आणि B पासून D. वहीच्या समासात "दोन्ही B पासून" एवढं लिहिलं तरी पुरे.

वाईट गोष्ट अशी की ही चूक उत्तराच्या आकारावरून पकडता येत नाही. चुकीचं उत्तर 2√5, म्हणजे सुमारे 4.47. ते 4 आणि 9 यांच्या मध्येच बसतं, आणि खरं उत्तर 6 सुद्धा. दोन्ही दिसायला सभ्य.

म्हणूनच कापलेला फोटो धोक्याचा. आकृती अर्धी गेली आणि खाली नुसतं "4, 5" दिसलं, तर 5 ही CD ची लांबी की BD ची? BD = 5 असेल तर 2√5 हेच बरोबर उत्तर. अशा फोटोवर डोकं खाजवू नये. पुस्तकात तसा प्रश्न मिळाला तर ठीक, नाहीतर पुसून टाकावा.

आणि फोटोतली आकृती गिरवू नका. प्रश्नातले शब्द वाचून आकृती स्वतः काढा, मग फोटोशी ताडून पाहा. पेपरात बऱ्याच प्रश्नांना आकृती दिलेली नसते.

रानपाखरू

एवढी उठाठेव कशाला? आदल्या रात्री फक्त "कृती पूर्ण करा"चे फोटो बघायचे. चौकटी भरायच्या, हातचे गुण. पुस्तकातल्या जशाच्या तशा येतात.

खडूफळा

@रानपाखरू, अर्धं खरं आहे. 40 गुणांच्या पेपरात कृतींचे गुण मोजले तर प्रश्न 2 अ मध्ये 4 आणि 3 अ मध्ये 3, एकूण 7. सोडू नयेतच. पण "जशाच्या तशा" यावर विसंबू नका. कृती ओळखीची असली तरी रिकामी चौकट कुठे ठेवायची हे पेपर काढणारा ठरवतो. फोटोत चौकट आकड्याला असेल, पेपरात ती "कारण" या जागी असू शकते. म्हणून भरलेली कृती पाहताना प्रत्येक ओळीपुढचा कंस झाका आणि कारण स्वतः लिहा.

फोटो निवडताना मी आणखी एक हिशेब धरेन. प्रश्न 1 चे 8 आणि प्रश्न 2 चे 12, म्हणजे निम्मे गुण एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांना आहेत. ग्रुपवर मात्र फिरतात ते चार गुणांचे अवघड नग, कारण पाठवणाऱ्याला तेच भारी वाटतात. तन्वीच्या दहांत पाच-सहा तरी छोटे असायला हवेत. दोन बिंदूंमधलं अंतर, रेषेचा चढ, पायथागोरसचं त्रिकूट, त्रिकोणमितीतलं एखादं नित्यसमीकरण, असे.

जागरूक नागरिक

धाग्याचं नाव वाचून धक्काच बसला. परीक्षेच्या आदल्या रात्री पेपरचे फोटो घेणं हा गुन्हा आहे! परीक्षांमधल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. पालकांनीच अशी उदाहरणं दिली तर काय बोलायचं?

पाटीपेन्सिल

अहो, फुटलेला पेपर नाही, सरावाचे प्रश्न. वहीतले, गाइडमधले. तरी तुमचा मुद्दा वाया जाऊ देत नाही. "उद्याचा पेपर, शंभर टक्के" असं लिहिलेला फोटो आला तर तन्वीने काय करावं?

जागरूक नागरिक

बरं, मग गैरसमज झाला. तसा फोटो पुढे पाठवू नये आणि शाळेला कळवावं. खोटा निघाला तर रात्र वाया जाते, खरा निघाला तर प्रकरण आणखी वाईट.

झेरॉक्सवाला

मार्चमध्ये अशा फोटोंच्या प्रिंटा काढायला रांग लागते, म्हणून थोडं लिहितो. निम्मे फोटो वाचता न येण्याचं कारण एकच: पान कोपऱ्यातून, तिरकं टिपलेलं असतं. लांबची बाजू आक्रसते, वर्तुळ लंबगोल होतं, काटकोन काटकोन दिसत नाही. पान सपाट ठेवा, मोबाइल बरोबर वर धरा, चारही कोपरे चौकटीत घ्या. फ्लॅश बंद, नाहीतर गुळगुळीत कागदावर मधोमध पांढरा डाग पडतो. दिवा डोक्यामागे असेल तर स्वतःचीच सावली पानावर येते, तो बाजूला घ्या. प्रश्न पुढच्या पानावर गेला असेल तर दोन्ही पानं टिपा. "दिलेले" एका पानावर आणि "सिद्ध करा" दुसऱ्यावर, हा प्रकार फार.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो, बारीक घातांक आणि अंश जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळचा तसाच पोचतो. आणि निवडलेले दहा फोटो रात्री नऊच्या आत प्रिंट करून घ्या, A4 वर चार बसतात. कागद हातात आला की मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवता येतो. दुकान बंद झालं असेल तर फोटो उघडून नीट उतरलेत का बघा आणि मगच विमान मोड लावा. आधी लावला तर नुसता धूसर चौकोन दिसत बसतो.

मीनल ठाणे

माझ्या लेकीचं सीबीएसई आहे. हेच फोटो तिला चालतील का? मैत्रीण राज्य मंडळाची, तिने ढीगभर पाठवलेत.

खडूफळा

ताई, सरसकट नाही. वरचं स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय सीबीएसईच्या दहावीच्या वर्तुळात नाही. तिथे स्पर्शबिंदूतून जाणारी त्रिज्या स्पर्शिकेला लंब असते आणि बाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका समान असतात, यावर भर. पेपरही वेगळा, एकच, 80 गुणांचा. समरूपता, त्रिकोणमितीतले बरेच प्रश्न चालतील. पण आदल्या रात्री कुठला चालतो ते शोधत बसण्यापेक्षा तिच्या पुस्तकाचे स्वाध्याय बरे.

राज्य मंडळातही जुने फोटो ओळखायची एक खूण आहे. "रेषेचे समीकरण काढा" दिसलं की तो 2018 च्या आधीच्या पुस्तकातला समजा. आताच्या निर्देशक भूमितीत अंतर, विभाजन आणि चढ एवढंच आहे.

उलटतपासणी

उत्तरांचे फोटो चुकीचेही असतात, हे कुणी लिहिलं नाही. नमुना देतो. त्रिज्या 21 सेमी, केंद्रीय कोन 60°, वर्तुळपाकळीचं क्षेत्रफळ काढा. फिरणाऱ्या एका फोटोत सुंदर अक्षरात उत्तर आहे, 22 चौसेमी. आता 60° म्हणजे वर्तुळाचा सहावा हिस्सा. पूर्ण वर्तुळ 22/7 × 441 = 1386, त्याचा सहावा हिस्सा 231. मग 22 कुठून आले? कुणीतरी कंसाच्या लांबीचं सूत्र वापरलं आणि पुढे "चौ" जोडून दिला. म्हणून उत्तराचा फोटो उघडायच्या आधी स्वतःचा अंदाज कागदावर लिहिलेला असावा. नसेल तर सुंदर अक्षरच जिंकतं.

π चंही बघा. प्रश्नात 3.14 दिलं असेल तर हेच उत्तर 230.79 येतं. तो फरक चूक नव्हे.

एका गोष्टीत मात्र माझं मत आत्याबाईंपेक्षा वेगळं आहे. दहाच्या दहा प्रश्न पूर्ण सोडवायची गरज नाही. चार गुणांच्या प्रश्नात आकृती, कोणतं प्रमेय लागेल ते आणि पहिल्या दोन ओळी लिहिल्या की पुढे जावं. तेवढ्या वेळात वीस होतात.

पाटीपेन्सिल

पण तन्वीची चूक तर दुसऱ्याच ओळीत होती. प्रमेय तिला माहीत होतं, नाव विचारलं असतं तर तिने बरोबर सांगितलं असतं.

उलटतपासणी

तीच ओळ लिहायला सांगतोय ना मी! गुणाकार आणि वर्गमूळ तेवढं सोडा.

खडूफळा

महत्त्वमापनात ते चालणार नाही. शंकुछेदाचं सूत्र पाठ असलेली मुलं तिरकस उंची काढताना r₁ − r₂ चा वर्ग करायला विसरतात, आणि ते आकडेमोडीतच दिसतं. वर्तुळ आणि समरूपतेला तुमची पद्धत चालेल.

रानपाखरू

चुकलेला प्रश्न परत कधी करायचा? लगेच केला तर नुसतं आठवून लिहिलं जातं.

खडूफळा

मध्ये दुसऱ्या प्रकरणाचे दोन-तीन प्रश्न जाऊ द्या, मग कोऱ्या कागदावर. शक्य असेल तर आकडे बदलून. वरच्यात BC = 2, CD = 6 घ्या. AB² = 2 × 8, उत्तर आता 4 येतं, म्हणजे आधीचं 6 पाठ असूनही उपयोग नाही, BD पर्यंत जावंच लागतं.

मीनल ठाणे

आणि त्या चौथ्या प्रश्नाचं काय झालं? तन्वीने सकाळी केला का?

पाटीपेन्सिल

आत्या म्हणाली सकाळी बघू नकोस. तन्वीने रिक्षात उघडला. दोघींचं त्यावर अजून एकमत नाही.