कास्टचं चिन्ह दिसत नसेल तर

>गूगलच्या नेस्ट मिनी स्पीकरचा सेटअप झाला, पण फोनवरच्या गाण्याच्या अ‍ॅपमध्ये कास्टचं चिन्हच येत नाही. ब्लूटूथच वापरू का?

इतक्यात नको. आधी नेस्ट मिनीला हवामान विचारा. नीट उत्तर आलं तर त्याचं इंटरनेट चालू आहे, फक्त फोनला तो सापडत नाहीये. बहुतेक वेळा दोघांपैकी एक गेस्ट वाय-फायवर असतो, किंवा राउटरमध्ये AP Isolation, म्हणजे एकाच वाय-फायवरची उपकरणं एकमेकांना दिसू न देणारं सेटिंग, चालू असतं. दोघांना एकाच मुख्य वाय-फायवर आणा आणि ते सेटिंग बंद करा. फोनवर व्हीपीएन असेल तर तेही. आयफोनवर Settings > Privacy & Security > Local Network मध्ये त्या अ‍ॅपला परवानगी द्या, सेटअपच्या घाईत ती हमखास नाकारली जाते.

हा खटाटोप करायचा कारण कास्टमध्ये ऑनलाइन गाणं स्पीकर स्वतःच इंटरनेटवरून ओढतो, फोन फक्त हुकूम सोडतो. फोन आला तरी गाणं चालू राहतं, फोन घेऊन तुम्ही भाजी आणायला गेलात तरीही. ब्लूटूथवर सगळा आवाज फोनमधूनच जातो, त्यामुळे कॉल आला की गाणं थांबतं आणि मधे दोन भिंती आल्या की तुटायला लागतं. फोनमध्ये उतरवून ठेवलेल्या फायलींसाठी मात्र ब्लूटूथच सोपं.