सहज टाकलेल्या फोटोला किती लांब उत्तर द्यावे?

माळढोक
आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात ३१ माणसे आहेत. गेल्या रविवारी साताऱ्याच्या वहिनींनी गॅलरीतल्या जास्वंदीला लटकलेल्या घरट्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिले, "सुगरणीने घर बांधलंय बघा आमच्याकडे." मी १५ वर्षे पक्षी पाहतो, म्हणून मनापासून २२ ओळी लिहिल्या. घरटे सुगरणीचे नसून शिंजीराचे आहे, दोन्हींत फरक काय, फोटो उजेडाविरुद्ध काढल्याने घरटे काळे का आले आणि तो पुसट का दिसतो, हे सगळे त्यात होते. वहिनींचे उत्तर आले, "बरं भाऊजी." त्यानंतर गटात कोणीही त्या घरट्याविषयी बोलले नाही आणि एरवी दिवसाआड काहीतरी टाकणाऱ्या वहिनींनी आठ दिवसांत एकही फोटो टाकलेला नाही. माझे लिहिणे जास्त झाले का?

कातळवाट
मला तरी तसे वाटत नाही. कोणी फोटो दाखवला की अंगठा दाखवून पुढे सरकायचे, ही सवय आपल्याला या पाच-सात वर्षांत लागली आहे आणि तिला सौजन्य म्हणणे मला पटत नाही. तुम्ही त्या फोटोकडे नीट पाहिलेत, त्यातली चूक ओळखलीत आणि वेळ काढून ती समजावून सांगितलीत. माझ्या वडिलांना कोणी नव्या घराचा फोटो पत्रातून पाठवला, तर ते दोन पानी उत्तर लिहीत आणि समोरचा ते जपून ठेवी. चुकीचे नाव गटातल्या ३१ जणांच्या डोक्यात तसेच राहू द्यायचे, यात कसली माया आहे?

शब्दवेल
मी भाषाविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि माणसे एकमेकांशी सहज काय बोलतात, हाच माझा आवडीचा भाग होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते. कातळवाट यांच्या वडिलांचे पत्र आणि हा फोटो यांत मोठा फरक आहे. पत्राबरोबर आलेला फोटो एकाने एकालाच पाठवलेला असे आणि त्याला उत्तर यावे, अशी उघड अपेक्षा असे. वहिनींनी चहा पिताना घरटे पाहिले आणि "बघा" म्हणाल्या. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी १९२३ मध्ये एका लेखात दाखवून दिले की, माणसांचे पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसून केवळ नाते जागे ठेवण्यासाठी असते. "काय, बाजारात निघालात?" या प्रश्नाला आपण पिशवीतल्या भाज्यांची यादी देत नाही, कारण विचारणाऱ्याला ती नको असते. वहिनींचे "बघा" त्याच जातीचे आहे आणि त्याचे पुरेसे उत्तर "बघितलं" हे आहे.

आता २२ ओळींनी प्रत्यक्षात काय केले, ते पाहा. फोनवर तेवढा मजकूर अर्ध्यात तुटतो आणि पुढचे वाचायला बोट टेकवावे लागते, म्हणजे वहिनींना आधी वाचण्याचे काम लागले. नंतर उत्तराचे काम लागले, कारण एवढ्या मेहनतीच्या मजकुराला नुसता अंगठा दाखवणे त्यांना उद्धटपणाचे वाटणार. बरोबरीने उत्तर देण्याएवढे पक्ष्यांचे ज्ञान त्यांच्याकडे नाही, म्हणून "बरं भाऊजी" एवढाच मार्ग उरला. आणि ज्या तीस जणांपैकी कोणी "अय्या, किती गोड" लिहिणार होते, त्यांचेही हात आखडले, कारण तज्ज्ञाच्या लेखाखाली "किती गोड" लिहायला माणूस कचरतो. घरटे दाखवणाऱ्या वहिनी पाच मिनिटांत चुकलेली विद्यार्थिनी झाल्या आणि तेही सासरच्या सगळ्या माणसांदेखत.

अबोली
माझे वेगळे आहे, पण इथेच लिहिते. माझी मुलगी जर्मनीत श्टुटगार्टला असते. पहिल्या हिवाळ्यात तिने खिडकीतून बर्फाचा फोटो टाकला आणि मी लगेच लिहिले की कानटोपी घाल, मोजे दोन घाल, सुंठ पाठवली आहे ती दुधात घे, रात्री खिडकी लावून झोप आणि जेवलीस का ते कळव. मला वाटले, आईने एवढे तरी लिहायलाच हवे. चार महिन्यांनी ती घरी आली तेव्हा म्हणाली, "आई, मी तुला बर्फ दाखवत होते, तू मला माझ्या चुका दाखवत होतीस." आता मी एकच ओळ लिहिते. परवा तिने ट्रामच्या थांब्याचा फोटो टाकला, तर मी लिहिले, "त्या आजीबाईंची छत्री आपल्या काकूंच्या छत्रीसारखी आहे." त्यावर तिने आपण होऊन त्या आजीबाईंची सगळी हकीकत सांगितली. काळजी मात्र तेवढीच वाटते, ती कुठे ठेवावी हे मला अजून कळलेले नाही.

गवताळ
फोटो पुसट येत असेल, तर वहिनींना सांगा की भिंग रुमालाने पुसून घ्यावे, स्क्रीनवर घरट्यावर बोट टेकवून उजेड वाढवावा आणि झूम न करता जवळ जाऊन काढावा. माझ्या जुन्या फोनवरही यामुळे बराच फरक पडला.

पाणवठा
गवताळ, प्रश्न फोटो कसा काढावा असा नाही आणि घरट्याच्या जवळ जाण्याचा सल्ला तर देऊच नका. पिल्ले असतील किंवा मादी अंड्यांवर बसली असेल, तर माणसाच्या वारंवार जाण्याने ती घरटे सोडू शकते. शिवाय माळढोक यांनी पुसटपणाचा दोष वहिनींना दिला, तो कदाचित त्यांचा नसेलच. व्हॉट्सॲप नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवताना तो आकसून टाकते. फोनने ४००० पिक्सेल रुंद काढलेला फोटो पलीकडे पोचतो, तेव्हा त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. २०२३ पासून एचडीची सोय आली आहे, पण ती आपण होऊन निवडावी लागते आणि बहुतेकांना ती ठाऊकही नसते. वहिनींच्या फोनमध्ये घरट्याची काडीन् काडी स्पष्ट दिसत असेल आणि आपण पुसट फोटो काढला असे त्यांना वाटून गेले असेल. लांब उत्तरात असे होते, कारण जितक्या गोष्टींवर मत द्याल तितक्या ठिकाणी चुकण्याचा संभव वाढतो, आणि चुकीची टीका मागे घेणे चुकीच्या कौतुकापेक्षा अवघड असते.

मोजपट्टी
यासाठी माझा एक साधा नियम आहे. फोटो टाकणाऱ्याने खाली जेवढे शब्द लिहिले असतील, तेवढेच आपण लिहावेत. वहिनींचे पाच शब्द, म्हणून तुमचे पाच शब्द.

शब्दवेल
मोजपट्टी यांचा नियम पुष्कळदा चालतो, कारण समोरच्याने किती वेळ दिला याचा अंदाज त्याच्या शब्दांवरून येतो. पण तो दोन ठिकाणी मोडतो. शब्दच न लिहिता दवाखान्यातल्या खाटेचा फोटो कोणी टाकला, तर गप्प राहणे किंवा नुसते चिन्ह टाकणे निष्ठुरपणाचे होईल, आणि तिथे गटात न लिहिता सरळ फोन करावा. दुसरे म्हणजे, पाच शब्दांतही फरक असतो. "वा, छान फोटो आहे हा" हे पाच शब्द कुठल्याही फोटोखाली चालतात, म्हणून ते पाहिल्याचा पुरावा ठरत नाहीत. कातळवाट यांची तक्रार खरे तर अशा उत्तरांविषयी आहे आणि तेवढ्यापुरती ती रास्त आहे. उत्तर आखूड असावे, पण ते त्याच फोटोचे असावे.

माळढोक, तुमच्या २२ ओळींत फोटोवर प्रेम दाखवणारे वाक्य कोणते होते?

माळढोक
आत्ता पुन्हा वाचले. सोळाव्या ओळीत होते. "दाराच्या वर छज्जासारखे पुढे आलेले आहे ते पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून मादीने केलेले असते." त्याआधीच्या पंधरा ओळींत सुगरणीचा नर हिरव्या गवताच्या पात्या विणतो, त्याच्या घरट्याला खाली लांब नळी असते आणि अशी घरटी वसाहत करून बाभळीवर किंवा पाण्यावर लोंबतात, शिंजीराची मादी मात्र वाळकी पाने आणि सालीचे तुकडे कोळ्याच्या जाळ्याने चिकटवते, असे सगळे होते. मला वाटले, आधी नाव बरोबर करून घ्यावे आणि मग कौतुक करावे.

शब्दवेल
तेच सोळावे वाक्य पहिले आणि एकटे असते तर? "वहिनी, दाराच्या वरचा छोटा छज्जा पाहिलात का?" एवढेच लिहिले असतेत, तर त्या उठून गॅलरीत गेल्या असत्या, पुन्हा पाहिले असते आणि "हो हो, खरंच की" म्हणून परत आल्या असत्या. मग "हे कोणाचे असेल हो?" असे बहुधा त्यांनीच विचारले असते आणि तेव्हा तुमच्या पंधरा ओळींना मागणी आली असती. लांब उत्तर वाईट नसते, पण ते मागितल्यावर दिले की देणगी होते आणि न मागता दिले की ओझे होते.

कातळवाट
छज्जाचे वाक्य चांगले आहे, हे मान्य करतो. तरी माझा मुद्दा शिल्लक आहे. वहिनींनी विचारलेच नसते तर? मग तीस जणांनी शिंजीराला सुगरण म्हणत राहायचे का? ज्याला माहीत आहे त्याने गप्प बसायचे आणि त्याला सौजन्य म्हणायचे, हे मला आजही पटत नाही. आमच्या गावात एका झाडाचे नाव असेच चुकीचे रुळले आणि आता खरे नाव सांगणाऱ्यालाच लोक वेड्यात काढतात.

पाणवठा
नाव दुरुस्त करायचे असेल, तर ते वहिनींना एकट्यांना खासगीत एका ओळीत कळवता येते आणि मग गटात त्यांनीच सांगावे, "अगं, ही सुगरण नाही, शिंजीर आहे म्हणे." माहिती पोचते आणि ती त्यांच्या तोंडून पोचते. पण मला माळढोक यांना त्याहून तातडीची गोष्ट विचारायची आहे. जास्वंदीची छाटणी होणार आहे का? मादी साधारण दोन आठवडे अंडी उबवते, त्यानंतरही पिल्ले काही दिवस आतच असतात आणि त्या काळात फांदी कापली गेली तर सगळे संपते. २२ ओळींत हे होते का?

माळढोक
नव्हते. नाव, उजेड आणि पुसटपणा यांत मी ते विसरलो, आणि वहिनी दर महिन्याला कुंड्यांची छाटणी करतात, हे मला माहीत आहे. आत्ताच त्यांना खासगीत लिहिले, "वहिनी, घरट्याची फांदी महिनाभर कापू नका. आणि दाराच्या वर छोटा छज्जा आहे, तो पाहिलात का?" वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही.

अबोली
त्यांना गॅलरीत जाऊन यायला वेळ द्या.