मदत हवी आहे: नाशिकमध्ये एकटा राहतो, संध्याकाळ झाली की घरची आठवण सहन होत नाही

गंगाखेडचा_पोरगा
नमस्कार. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, गाव गंगाखेडजवळ. नाशिकला येऊन पाच आठवडे झाले. म्हसरूळला एका खोलीत एकटाच राहतो, डबा खोलीवर येतो. दिवसभर कॉलेजात ठीक असतं. साडेसहाला कुलूप उघडून आत आलो, तो बंद खोलीचा वास आला, की घशात आवंढा येतो. लगेच आईला व्हिडिओ कॉल लावतो. ती धार काढत असते, मागे वासरू दिसतं, आणि फोन ठेवल्यावर मला रडूच येतं. मग नऊला परत फोन, अकराला परत. डबा निम्मा तसाच राहतो. झोपायला दीड-दोन होतात.
दोनदा घरी जाऊन आलो. परत आल्यावर सोमवार-मंगळवार आणखी वाईट गेले. परभणीला ॲडमिशन बदलून घ्यावी का, असं रोज वाटतं. आईला सांगितलं तर ती काळजीनं खंगेल. कुणी यातून गेलं आहे का?

सिडको_सायकलवाला
म्हसरूळला एकटा का राहतोस? कॉलेज रोडला ये, कॉट बेसिसवर जागा मिळते. माझ्या ओळखीच्या ठिकाणी एक कॉट रिकामी आहे. भाडं विचारून सांगू का?

गंगाखेडचा_पोरगा
दादा, खोलीचा करार अकरा महिन्यांचा आहे, डिपॉझिट भरलंय. खोलीची अडचण नाही, मला करमत नाही, ती अडचण आहे.

देवरुखकर
मी कोकणातून आलो होतो. माझा अनुभव सांगतो: पहिले दोन महिने घरी फोनच करू नकोस. जखमेला सारखा हात लावला तर ती भरत नाही. मी तेच केलं आणि सुटलो.

रेक्टरताई
मुलींच्या वसतिगृहात मी अकरा वर्षं रेक्टर होते. दर जुलै-ऑगस्टला खोल्याखोल्यांतून हेच ऐकलंय, त्यामुळे आधी हे सांगते की तुझं काही बिघडलेलं नाही. दिवेलागणीला घरी सगळे एकत्र येतात. अठरा वर्षं त्या वेळेला कुणीतरी हाक मारायचं, आता त्याच वेळेला कुलूप उघडावं लागतं. तुला सगळ्यात जास्त त्रास त्या दीड-दोन तासांत होतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कॉलेज सुटल्यावर सरळ खोलीवर जाऊ नकोस. आठपर्यंत एकच जागा ठरव आणि रोज तिथेच जा. कॉलेजचं वाचनालय, एखादी अभ्यासिका, पाऊस नसेल तेव्हा कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, काहीही चालेल, पण जागा आणि वेळ बदलू नको. रोज त्याच वेळी दिसणारा माणूस आठवड्याभरात मान हलवतो, दुसऱ्या आठवड्यात 'काय, आज उशीर?' विचारतो. ओळख काढायला कुठे जावं लागत नाही, ती अशी आपोआप होते. रोज नवी जागा शोधलीस तर तू रोज परकाच राहशील.

दुसरं जेवणाचं. डबा बंद कर आणि मेसमध्ये बसून जेव. एकट्यानं डबा उघडला की तो निम्मा उरतोच. पंगतीत बसलं की शेजारी वाढून घेतो म्हणून आपणही घेतो.

फोन तोडू नकोस. देवरुखकरांना ते जमलं असेल, पण माझ्याकडच्या ज्या मुलींनी फोन बंद केला, त्या दिवस मोजत बसायच्या आणि घरचे घाबरून थेट गेटवर यायचे. फक्त वेळ हलव. जेवण झाल्यावर, पावणेनऊच्या सुमारास, वीसेक मिनिटं, एकदाच. आणि संध्याकाळी व्हिडिओ नको, नुसता आवाज. तुला रडू येतं ते वासरू दिसल्यावर, आईचं बोलणं ऐकून नाही. व्हिडिओ रविवारी सकाळी कर.

देवरुखकर
ताई, मान्य. खरं सांगायचं तर मी फोन केला नाही, पण दर चार दिवसांनी पत्र लिहायचो. ते विसरूनच गेलो होतो.

पंचवटी_नर्सिंग
माझी गोष्ट वेगळी आहे. मी आजही, तिसऱ्या वर्षाला, दर शनिवारी मनमाडला घरी जाते आणि मला काही त्रास होत नाही. मग घरी जाणं वाईट का?

रेक्टरताई
वाईट नाही गं. तुझं घर तासाभरावर आहे आणि तुझा इथे जम बसलेला आहे. याचा अजून बसायचाय. तपोवन एक्स्प्रेसनं परभणी, तिथून पुढे बस, म्हणजे अख्खा दिवस जातो. जम बसायला लागला की हा उठून जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.
बाळा, पुढची खेप चार-पाच आठवड्यांनी ठेव, पण तिकीट आजच काढ. तारीख ठरलेली असली की मन कमी ओढ घेतं. आणि परत येताना रविवारी रात्री पोहोचू नकोस. शनिवारी उजेडी ये, खोली झाड, कपडे धू, रविवार हाताशी ठेव. अंधारात बॅग घेऊन बंद खोलीत शिरलास म्हणून तुझे सोमवार तसे गेले.
ॲडमिशनचा निर्णय संध्याकाळी घेऊ नकोस. दिवाळीनंतर, सकाळी, पोट भरलेलं असताना विचार कर. तेव्हाही जावंसं वाटलं तर जा, त्यात हरल्यासारखं काही नाही.
एक मात्र नीट ऐक. दोन आठवडे झोप-जेवण सुधारलं नाही, कॉलेजला जाणंच सुटलं, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार आले, तर ही नुसती घरची आठवण नाही. तेव्हा थांबू नको, टेलि-मानसच्या 14416 वर फोन कर. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वर्गशिक्षकांनाही सांग. आणि आईला 'जड जातंय, पण प्रयत्न करतोय' एवढं तरी सांगच. लपवलेलं तिला आवाजावरून कळतंच.

गंगाखेडचा_पोरगा
तसले विचार नाहीत ताई. करून बघतो आणि सांगतो.

गंगाखेडचा_पोरगा (बारा दिवसांनी)
सांगायला आलो. डबा बंद केला. मेसमध्ये पहिले तीन दिवस खाली मान घालून जेवलो. चौथ्या दिवशी काकूंनी विचारलं, पोळी का ठेवतोस? म्हटलं, आमच्याकडे ज्वारीची भाकर असते. आता बुधवारी माझ्यासाठी दोन भाकरी थापतात. लातूरचा एक मुलगा आहे, त्यानं एक मागितली. तेव्हापासून आम्ही सोबत जेवतो.
फोन पावणेनऊला करतो. पहिल्या दिवशी साडेसहाला हात खिशाकडे जात होता, फोन बॅगेत तळाशी ठेवला. आईला सांगितलं. ती रडली नाही, म्हणाली, तुझा मामा पुण्याहून आठ दिवसांत पळून आला होता. हे मला माहीतच नव्हतं.
झोप बाराला लागते. पण रविवार दुपार अजून जात नाही. मेस संध्याकाळी बंद, लातूरवाला मावशीकडे जातो. परभणीचा विचारही पूर्ण गेलेला नाही.

सिडको_सायकलवाला
रविवारी सकाळी आम्ही चौघं सोमेश्वरला सायकलवर जातो, येताना मिसळ. तुझ्याकडे सायकल नसेल तर माझी जुनी आहे, मागचं ब्रेक तेवढं घासतं. दुपारचं मात्र मलाही माहीत नाही, मी झोपतो.

रेक्टरताई
रविवार दुपार माझ्या मुलींनाही अवघड जायची. त्यावर खात्रीचं उत्तर मला सापडलं नाही. दुपारी सगळ्या मिळून कपड्यांना इस्त्री करायच्या, तेवढं थोडं बरं जायचं. तिकीट काढलंस का?

गंगाखेडचा_पोरगा
काढलं. शुक्रवारी जाणं, पुढच्या शनिवारी दिवसा परत. दादा, सायकलला हवा भरून ठेवा.