मदत हवी आहे: राउटरवर वॅन पत्ता दिसतो आहे, तरी बाहेरून घरचा रेकॉर्डर उघडत नाही

सोनचाफा
आई गिरगावात एकटी राहते, म्हणून तिच्या घरी दाराबाहेर आणि स्वयंपाकघरात कॅमेरे बसवले आहेत. कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर घरातल्या वाय-फायवरून व्यवस्थित दिसतो, परंतु अंधेरीच्या कार्यालयातून पाहायला गेले की काहीच उघडत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग केलेले आहे आणि ते पुन्हा पुन्हा तपासलेले आहे. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता दिसतो, म्हणजे इंटरनेटचा पत्ता मिळालेला आहे. आज मी आईकडेच आहे, तेव्हा काय करायचे ते कृपया लवकर सांगावे.

बोरिवलीकर
राउटरमधला डीएनएस बदलून 8.8.8.8 करून पाहा. आमच्या इमारतीत निम्म्या लोकांच्या तक्रारी एवढ्यानेच मिटल्या.

तारवाला
डीएनएसचा येथे संबंध नाही. सोनचाफाताई, वॅन पत्ता दिसतो एवढ्याने काही ठरत नाही. तो कोणता आहे हे लिहिल्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात दगड मारणे होईल. पूर्ण पत्ता जाहीरपणे लिहू नका, टिंबाटिंबांनी वेगळे झालेल्या चार आकड्यांपैकी पहिले दोन पुरेत. त्याच पानावर `Default Gateway` पुढे काय आहे तेही लिहा. आणि हे पान कोणत्या राउटरचे आहे? फायबरची बारीक तार थेट ज्यात शिरते त्याचे, की तुम्ही वेगळा घेतलेल्या राउटरचे?

सोनचाफा
राउटर माझा आहे, दुकानातून घेतलेला. कंपनीने दिलेला फायबर मोडेम दिवाणखान्यात आहे, त्याचे वाय-फाय आतल्या खोलीत पोहोचत नव्हते म्हणून हा घेतला. ते लिहायची गरज आहे असे वाटले नव्हते. पानावर असे आहे:

```
WAN IP Address   192.168.1.4
Subnet Mask      255.255.255.0
Default Gateway  192.168.1.1
```

कुर्ला_कॅमेरावाला
माझ्या लॅपटॉपवर `ipconfig` दिले की 192.168 हाच पत्ता येतो आणि माझे कॅमेरे लोणावळ्याहूनसुद्धा दिसतात. त्यामुळे हा पत्ता ठीक आहे, पोर्टच चुकलेले असणार.

तारवाला
तुम्ही लॅपटॉपचा पत्ता सांगत आहात आणि प्रश्न राउटरच्या वॅन बाजूचा आहे. लॅपटॉपला घरातला, म्हणजे खासगी पत्ताच मिळतो, त्यात वावगे काही नाही. तुमचे कॅमेरे बहुधा कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपवरून दिसत असावेत. त्यात कॅमेरा स्वतःच बाहेरच्या सर्व्हरशी जोडणी करतो, त्यामुळे वॅन पत्ता खासगी असला तरी अडत नाही.

ताई, तुमच्या राउटरच्या वॅन बाजूलाच 192.168 आहे, याचा अर्थ त्याला पत्ता इंटरनेट कंपनीने दिलेला नसून दिवाणखान्यातल्या फायबर मोडेमने दिलेला आहे. तुम्ही आतल्या खोलीचे दार उघडून ठेवले आहे, पण घराचा मुख्य दरवाजा बंदच आहे. आता ब्राउझरमध्ये `192.168.1.1` टाइप करा. तुमच्या पानावर गेटवे म्हणून जो पत्ता दिसतो तोच पुढच्या डब्याचा असतो, त्यामुळे तार न काढता इथूनच मोडेमचे पान उघडेल. लॉगिन मोडेमखालच्या चिकटपट्टीवर छापलेले असते. तिथे वॅनची जी ओळ आहे ती वाचायची.

कुर्ला_कॅमेरावाला
क्लाउड अ‍ॅप हेच खरे तर उत्तर आहे. रेकॉर्डरखालचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करा आणि मोकळे व्हा.

सोनचाफा
रेकॉर्डर जुना आहे, त्याला क्यूआर कोड नाही. नवा घ्यायचा असता तर हा प्रश्न विचारला नसता.
मोडेमचे पान उघडण्यापूर्वी, शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून, मोडेम आणि राउटर दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले. आता इंटरनेटच गेले आहे, आईची मालिका थांबली आहे आणि हे मोबाइलवरून लिहीत आहे. मोडेमच्या पानावर दोन ओळी दिसतात:

```
1_TR069_R_VID_20       Connected    10.35.x.x
2_INTERNET_R_VID_100   Connecting   0.0.0.0
```

बोरिवलीकर
`Connected` आहे आणि 10 ने सुरू होणारा पत्ताही मिळाला आहे, म्हणजे कंपनीकडून सगळे ठीक आहे. बिघाड तुमच्या राउटरमध्ये आहे, तो फॅक्टरी रीसेट करा.

तारवाला
कृपया काहीही रीसेट करू नका. पहिल्या ओळीच्या नावात TR069 आहे, ती कंपनीला दुरून मोडेमची देखभाल करता यावी म्हणून असते. त्या ओळीला मिळालेल्या पत्त्यावरून तुमचे इंटरनेट जात नाही, त्यामुळे ती ओळ `Connected` असून इंटरनेट बंद असणे अगदी शक्य आहे. काही मोडेमवर फोनसाठी आणखी एक VOIP ओळ असते, तिचेही तसेच. ज्या ओळीच्या नावात INTERNET आहे तीच वाचायची, आणि तिथे 0.0.0.0 आहे म्हणजे पत्ता मिळालेलाच नाही. त्याला चुकीचा पत्ता समजू नका, ती रिकामी जागा आहे.

तरीही पहिल्या ओळीने एक उपयोगाची गोष्ट सांगितली आहे: तिला पत्ता मिळाला, त्याअर्थी फायबर शाबूत आहे आणि मोडेमची कंपनीशी भेट होते आहे. लाल `LOS` दिवा लागला असता तर दोन्ही ओळी रिकाम्या राहिल्या असत्या. तेव्हा अडचण लॉगिनची आहे. इंटरनेटच्या ओळीचा प्रकार PPPoE आहे का, ते पाहून सांगाल का?

सोनचाफा
होय, PPPoE असेच लिहिले आहे. युजरनेम आहे, पासवर्डच्या जागी ठिपके आहेत. बिल भरलेले आहे, हेही आताच सांगून ठेवते.

तारवाला
मग बहुधा जुने सेशन अडकले आहे. मोडेमची वीज अचानक गेली की तो निरोप न घेताच जातो. कंपनीचा सर्व्हर काही वेळ त्याला जोडलेलाच समजतो आणि त्याच युजरनेमने आलेले दुसरे लॉगिन नाकारतो. मोडेम दहा-पंधरा मिनिटे पूर्ण बंद ठेवा आणि मगच चालू करा. पुन्हा पुन्हा चालू-बंद केल्याने उशीरच होतो. तेवढ्यानेही 0.0.0.0 गेले नाही, तर युजरनेम बंद झाले आहे की पासवर्ड बदलला आहे हे कंपनीच सांगू शकेल, कारण ते तुमच्या पानावर दिसणार नाही.

सोनचाफा
इंटरनेट आले. आईचा राग अजून उतरलेला नाही. इंटरनेटच्या ओळीत आता `Connected` आणि 100.83.x.x असे आहे. हा 192 नाही आणि 10 ही नाही, म्हणजे खरा पत्ता ना? मोडेममध्येही पोर्ट फॉरवर्डिंग करून टाकू?

दादर_पूर्व
होय, खासगी पत्ते 10, 172 आणि 192.168 यांनी सुरू होतात, त्यामुळे 100 चा पत्ता सार्वजनिकच आहे. मोडेममध्ये पोर्ट उघडा आणि पत्ता अधूनमधून बदलतो म्हणून एखादी डायनॅमिक डीएनएस सेवा घ्या, म्हणजे काम झाले.

तारवाला
दादर_पूर्व, आपली यादी अर्धी बरोबर आहे. 172 मध्ये फक्त 172.16 ते 172.31 एवढेच खासगी आहेत, बाकीचे सार्वजनिक. आणि 100.64 पासून 100.127 पर्यंतचा पट्टा २०१२ साली मुद्दाम इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला आहे, जेणेकरून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे बसवता येतील. 83 हा आकडा 64 आणि 127 यांच्या मधला आहे. तोच 100.20 किंवा 100.140 असता तर सार्वजनिक ठरला असता. म्हणून मी सुरुवातीला एक नव्हे, दोन आकडे मागितले होते.

दादर_पूर्व
नियम काहीही असो, माझ्याकडे डायनॅमिक डीएनएसवर कॅमेरा चालतो.

तारवाला
चालतो, कारण आपला पत्ता सार्वजनिक असणार. यांच्याकडे ती सेवा नावासमोर कंपनीच्या सामाईक पत्त्याची नोंद करील, आणि त्या पत्त्यावर आलेली विनंती कंपनीच्या यंत्रापाशीच थांबेल. तिथले पोर्ट उघडणे ताईंच्या हातात नाही.

ताई, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका, स्वतः पडताळा. मोबाइलचा डेटा बंद करून, घरच्या वाय-फायवरून, आपला पत्ता दाखवणारे कोणतेही संकेतस्थळ उघडा आणि तिथला आयपीव्ही४ पत्ता मोडेमच्या इंटरनेट ओळीतल्या पत्त्याशी ताडून पाहा. दोन्ही तंतोतंत एकच असतील तरच तो पत्ता तुमचा. नंतर विंडोजवर हा आदेश द्या:

```
tracert -d 8.8.8.8
```

सोनचाफा
संकेतस्थळावर 103 ने सुरू होणारा पत्ता दिसतो, मोडेमवर 100.83 च आहे. म्हणजे जुळत नाही. आदेशाच्या पहिल्या तीन ओळी अशा आहेत:

```
1   192.168.0.1
2   192.168.1.1
3   100.64.0.1
```

तारवाला
पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी मोडेम, तिसरी कंपनीचे आतले जाळे. तुमच्यासमोर दोन अडथळे आहेत. मोडेम ब्रिज मोडमध्ये टाकून लॉगिन तुमच्या राउटरवर आणले, तर मधला टप्पा जाईल आणि 100.83 सारखा पत्ता तुमच्याच राउटरच्या पानावर दिसू लागेल. पण तो खासगी तो खासगीच. कंपनीकडून सार्वजनिक पत्ता घेतल्याखेरीज दुसरा अडथळा हटणार नाही.

विलेपार्ले_वाचक
मोडेमच्या पानावर आयपीव्ही६ चा पत्ता आहे का, हे कोणीच विचारले नाही. तो 2 ने सुरू होत असेल तर सार्वजनिक आहे आणि पैसे न देता काम होईल. fe80 ने सुरू होणारा मात्र धरू नये, तो फक्त त्याच तारेपुरता असतो.

सोनचाफा
2401 ने सुरू होणारा एक लांबलचक पत्ता आहे. रेकॉर्डरच्या नेटवर्कच्या पानावर मात्र आयपीव्ही६ असे काही दिसत नाही.

विलेपार्ले_वाचक
मग त्या पत्त्याचा रेकॉर्डरला थेट उपयोग नाही. मधे एखादा छोटा संगणक चालू ठेवून मार्ग काढता येईल, परंतु मोडेम बाहेरून येणारी आयपीव्ही६ जोडणी आत सोडतो की नाही, ते आधी तपासावे लागेल.

बोरिवलीकर
एवढ्या खटाटोपापेक्षा नवा रेकॉर्डर स्वस्त पडेल.

सोनचाफा
कंपनीच्या कार्यालयाला फोन केला. स्थिर पत्ता मिळतो, दरमहा वेगळे पैसे आणि एक अर्ज लागतो. ब्रिज मोडबद्दल त्यांचा माणूस नक्की सांगू शकला नाही, मोडेम कुलूपबंद असू शकतो म्हणाला. अर्ज करते आहे. पत्ता आला आहे की नाही हे मला कसे कळेल, की पुन्हा सगळे बंद-चालू करायचे?

तारवाला
नवा पत्ता पुढच्या लॉगिनच्या वेळी लागू होतो, म्हणून त्यांनी चालू केल्याचे कळवले की मोडेमच्या पानावर त्या ओळीला `Disconnect` आणि `Connect` असेल तर तेच वापरा, वीज काढू नका. मग इंटरनेटचीच ओळ वाचा. तिथे अजून 100.83 असेल, तर पैसे घेतले असले तरी काम झालेले नाही. पोर्टला हात न लावता त्यांनाच फोन करा. कंपनीने दिलेला स्थिर पत्ता आणि ओळीतला पत्ता एक झाला, की आधी मोडेममधून 192.168.1.4 कडे आणि तुमच्या राउटरमधून रेकॉर्डरकडे, असे दोन्हीकडे फॉरवर्डिंग करा. मोडेम तुमच्या राउटरला उद्या दुसराच पत्ता देऊ नये म्हणून 192.168.1.4 मोडेममध्ये राखून ठेवा. रेकॉर्डरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याआधी बदला, कारण त्यानंतर रेकॉर्डर साऱ्या जगाला दिसणार आहे.