‘टोस्ट’ला मराठीत काय म्हणाल? (कथेतल्या एका वाक्यापायी)

सुलभा

एक कथा लिहितेय आणि एका वाक्याशी चार दिवस अडलेय. प्रसंग असा : नुकतंच लग्न झालेला मुलगा, बायकोच्या माहेरच्या माणसांबरोबरचं पहिलं मोठं जेवण. जेवणाआधी सगळे हातात वाइन घेऊन उभे राहतात, बायकोचे थोरले काका दोन शब्द बोलतात आणि मग सगळे एकदम पितात. मुलगा पीत नाही. का पीत नाही ते कथेत शेवटपर्यंत येत नाही, आणतही नाहीये. सगळे त्याच्या मागे लागतात. माझं वाक्य :

“नवरदेवाने समारंभपूर्वक टोस्टमध्ये सहभागी व्हावे असा सर्व नातेवाइकांनी आग्रह केला.”

वाचताना परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. ‘टोस्ट’ला चांगला मराठी शब्द सुचवा.

पमाकाका

शीर्षक वाचून वाटलं, जावयाला चहात बुडवून टोस्ट खायचा आग्रह चाललाय. तो बिचारा का नाही म्हणतोय ते कळेना. दातांचं दुखणं असेल म्हटलं.

सुलभा

काका, तीच तर अडचण आहे!

विसोबा

शब्द आपल्याकडे आहे की. आपोशन. जेवणाआधी काहीतरी म्हणून घेतलेला घोट. परका शब्द हवा कशाला?

जुनी वही

विसोबा, जेवणाआधीचा घोट आणि त्याबरोबरचं म्हणणं, एवढं साम्य बरोबर आहे. पण आपोष्णी म्हणजे तळहातावरचं पाणी. ते ज्याचं त्याने घ्यायचं. सुरुवातीला ‘अमृतोपस्तरणमसि’, शेवटी ‘अमृतापिधानमसि’. म्हणजे अन्नाला खाली अंथरूण आणि वर पांघरूण. त्यात दुसऱ्या कुणासाठी काही चिंतलेलं नसतं आणि पात्र उंच धरणंही नसतं. टोस्टमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी असतात.

संस्कृतच हवं असेल तर अमरकोशात ‘सपीति’ आहे, एकत्र पिणे. ‘सग्धि’ म्हणजे एकत्र जेवणे, त्याच ओळीत. शब्द गोड आहे, पण सुलभाताई, कथेत घालू नका. एका शब्दासाठी वाचक कोश उघडणार नाही, कथाच मिटेल.

इरा_के

‘जाम’? जाम उचलला, जाम टकरावले.

जुनी वही

फारसीत जाम म्हणजे पेलाच. पण मराठीत ‘जाम’ म्हटलं की चाक जाम होतं, नाहीतर जाम मजा येते. शिवाय ‘जाम टकरावले’ म्हटलं की मागे गझल सुरू होते. हे एका घरातलं जेवण आहे.

विसोबा

मग चषक. आता यात खोट काढून दाखवा.

इरा_के

विश्वचषक :) मला तर काका करंडक उचलतायत असं दिसलं.

पमाकाका

प्याला म्हणा ना सरळ.

जुनी वही

गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’नंतर त्या शब्दाची सुटका नाही, पमाकाका. मराठीत कुणी ‘प्याला’ हातात घेतला की वाचक त्याच्या संसाराची काळजी करायला लागतो. इथे नवा संसार आहे. लेखिकेला तसं सूचित करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

पण मला वाटतं नाम शोधण्यातच चूक होतेय. इंग्रजीतलं ते नाम आडवाटेने आलंय. वाइनमध्ये मसाला लावून भाजलेला पावाचा तुकडा टाकायची चाल होती. पुढे जिच्या नावाने प्यायचं त्या व्यक्तीला टोस्ट म्हणू लागले आणि मग त्या पिण्यालाच. त्यामुळे एका शब्दात तीन कृती कोंबल्या गेल्या : पेला वर करणे, कुणासाठी काही म्हणणे, आणि पिणे. मराठीत तिन्हींना वेगवेगळी क्रियापदं लागतात, आणि तुमच्या कथेत तेच कामाचं आहे. सांगा बरं, मुलगा या तिन्हींपैकी नेमकं काय नाकारतो?

सुलभा

फक्त पिणं. पेला वर करायला तो तयार आहे, म्हणायलाही.

जुनी वही

मग ‘टोस्टमध्ये सहभागी व्हावे’ हे वाक्य खोटं आहे. दोन तृतीयांश सहभागी तो झालेलाच आहे. भांडण उरलेल्या तिसऱ्याचं आहे, आणि ‘टोस्ट’ हा शब्द तेच झाकतो.

मंदार

माझ्या लग्नानंतर अगदी हेच झालं होतं. मी पीत नाही हे बायकोने आधी सांगितलं होतं, तरी तिच्या मामांनी ग्लास हातात दिला. मी एका कोपऱ्यात जाऊन त्यात त्याच रंगाचं सरबत भरून आणलं. मामा खूश. चार वर्षांनी त्यांना कळलं तेव्हा मात्र महिनाभर बोलले नाहीत. सुलभाताई, तुमच्या नायकालाही सरबत द्या, सगळे प्रश्न सुटतील.

इरा_के

मंदार, प्रश्न सुटले तर कथा कशाची लिहायची?

मंदार

खरं आहे. पण एक सांगतो, मामांनी ‘आग्रह’ केला नव्हता. आग्रह जिलबीचा करतात. मामांनी मला भीड घातली.

जुनी वही

मंदार यांनी महत्त्वाचं काढलं. आग्रह ‘करणे’ आणि आग्रह ‘धरणे’ यांतही फरक आहे. आग्रह करतात तो समोरच्याला सुख व्हावं म्हणून, त्याने पानावर हात आडवा धरला की थांबायचं असतं. आग्रह धरतात तो स्वतःचं म्हणणं खरं व्हावं म्हणून. गळ घालणारा थोडा खालच्या बाजूला उभा असतो, विनवत असतो. भीड घालणारा मात्र नात्याचं वजन टाकतो आणि तोंडाने काहीच मागत नाही. जेवणाच्या प्रसंगात आग्रह करण्यापासून धरण्यापर्यंत माणसं कधी सरकतात ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. ही सरकण दाखवायची असेल तर यातला एकही शब्द वाक्यात लिहू नका, त्यांना बोलू द्या.

विसोबा

‘समारंभपूर्वक’चं काय? तो राहिलाच.

इरा_के

आमच्या आत्याला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, “शास्त्र असतं ते.” शास्त्रापुरता एक घोट!

जुनी वही

वा. हाच. ‘शास्त्रापुरता’मध्ये रीतही आली आणि ‘अगदी थोडंसं’ही आलं. मागणी इतकी लहान करून टाकायची की नाही म्हणणारा आडमुठा ठरावा.

विसोबा

एक मूलभूत शंका. माझ्या माहितीप्रमाणे ज्याच्या सन्मानार्थ पितात त्याने स्वतः प्यायचं नसतं, नुसतं हसून मान लववायची. मग नवरदेवावर सक्ती कशी? प्रसंगच चुकलाय.

जुनी वही

यात विसोबांचं बरोबर आहे. जुना शिष्टाचार तसाच आहे. आजकाल पाळतातच असं नाही, पण जाणता वाचक अडेल. सुलभाताई, पेला कुणासाठी वर होतोय?

सुलभा

नवदांपत्यासाठी नाही. बायकोच्या आजोबांसाठी, आबांसाठी. ते लग्नाच्या आधी वारले. हे वाक्यात यायला हवं होतं ना? आता लिहिते : “आबांच्या नावाने सगळ्यांनी पेले उचलले.”

पमाकाका

अगं बाई, गेलेल्या माणसाच्या ‘नावाने’ द्रवपदार्थ नको! नावाने पाणी सोडतात.

इरा_के

आणि नावाने आंघोळही करतात. काका आज फॉर्मात आहेत.

जुनी वही

हसण्यावारी नेऊ नका, कान बरोबर आहे त्यांचा. ‘आबांसाठी’ चालेल. ‘आबांना स्मरून’ जास्त बरं. ‘देवाला स्मरून’ म्हणताना शपथेची छाया असते, ती इथेही पडेल, आणि मग न पिणं म्हणजे शपथ मोडल्यासारखं दिसेल. आणखी एक : ‘नवरदेव’ बदला. मांडवातून उठला की तो नवरदेव राहत नाही, सासुरवाडीला तो जावई. ‘नातेवाईक’ही सैल आहे, कुणाचे ते कळत नाही. त्याचे स्वतःचे असते तर तो सरळ नाही म्हणाला असता.

मंदार

नसता म्हणाला. माझे स्वतःचे काका मामांपेक्षा भारी आहेत.

सुलभा

सगळं मोडून पुन्हा लिहिलं. बघा :

काकांनी पेला वर केला. “आबांना स्मरून,” ते म्हणाले. सगळे हात वर गेले, त्याचाही गेला. “आबांना स्मरून,” तोही म्हणाला. बाकीचे पेले तोंडाला लागले, त्याचा होता तिथेच राहिला.

“घ्या की जावईबापू.”

“नको. खरंच नको.”

“अहो, शास्त्रापुरता. एक घोट.”

“भावोजी, तुमच्यासाठी थांबलेत सगळे,” धाकटी म्हणाली.

काकांनी आपला पेला अजून खाली ठेवला नव्हता. “आबांसाठी उचललेला पेला या घरात कुणी भरलेला खाली ठेवत नाही,” ते म्हणाले, हसतच.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती ताटाची कड रुमालाने पुसत होती. त्याने पेला ओठांना टेकवला.

इरा_के

“हसतच” वाचून मला काकांची भीती वाटली. पेला मात्र खटकतो. आज कोण पेला म्हणतं? घरात ग्लासच म्हणतात.

विसोबा

ग्लास म्हटलं की पाण्याचा वाटतो.

इरा_के

पाण्याचाच वाटू दे की, मग नाही म्हणणं आणखी अवघड होतं.

जुनी वही

यावर माझं मत ठरत नाही. निवेदनात पेला आणि बोलण्यात ग्लास ठेवता येईल, पण इथे बोलण्यातच “उचललेला पेला” आलाय, आणि काकांच्या पिढीचा माणूस तसं म्हणेल. राहू द्या वाटतं.

मला शेवटच्या क्रियापदाबद्दल विचारायचंय. ‘तोंडाला लावला’ म्हणजे प्यायला. ‘ओठांना टेकवला’ म्हणजे नुसता स्पर्श, आत काही गेलं नाही. तुम्ही वर ‘तोंडाला लागले’ आणि इथे ‘टेकवला’ असा भेद केलाय. तो मुद्दाम आहे का?

पमाकाका

म्हणजे प्यायला नाही? मला वाटलं शेवटी प्यायला बिचारा.

मंदार

मलाही तसंच वाटलं.

सुलभा

मुद्दाम आहे. काकांनाही तसंच वाटलं पाहिजे.