चाळिशीचा चष्मा: स्टेशनबाहेरचा १५० रुपयांचा की नंबर काढून केलेला?

शिवणवाली_लेक: आई ५३ वर्षांची, घरी ब्लाऊज शिवते. दादर स्टेशनबाहेरून +२ चा रेडिमेड चष्मा घेतलाय, १५० रुपयांना. सुरुवातीला खूश होती, आता दोन तास शिवलं की कपाळ दुखतं. दुकानात २८०० सांगितले. भाऊ म्हणतो उगाच खर्च. तुम्हाला काय वाटतं?

कोकणचा_बाळा: भाऊ बरोबर बोलतोय. चाळिशी हा आजार नाही. वय वाढलं की डोळ्यातलं भिंग ताठर होतं, म्हणून जवळचं दिसत नाही. त्याला प्लसची काच लागते, ती १५० ला मिळते. आसामच्या चहामळ्यांतल्या कामगारांवरचा २०१८ चा अभ्यास वाचा. चाळिशीपुढच्यांना जवळचे चष्मे दिले, तर पानं खुडण्याचं काम चष्मा न मिळालेल्यांपेक्षा साधारण वीस टक्क्यांनी जास्त वाढलं. २८०० रुपये नाहीत म्हणून माणसं वर्षानुवर्षं बिनचष्म्याची राहतात, त्याचं काय?

मीनल_ताई: रस्त्यावरचा चष्मा अजिबात नको! त्याने नंबर भराभर वाढतो. माझ्या जावेचा दोन वर्षांत +१ वरून +१.७५ झाला.

भिंगवाला: मीनलताई, तो चष्म्यामुळे वाढला नाही. चाळिशी ते साठीपर्यंत जवळचा नंबर वाढतच जातो, कुठलाही चष्मा लावा नाहीतर लावू नका. मी नंबर काढण्याचंच काम करतो, त्यामुळे माझा स्वार्थ धरून वाचा.

बाळा, त्या अभ्यासात दूरची नजर चांगली असलेलेच कामगार घेतले होते. रेडिमेड कधी चालतो, याचं उत्तर तिथेच आहे. दूरचं दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं, सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाचा बाक सगळीकडे सारखा नसल्यामुळे लागणारा नंबर, नाही, दोन्ही डोळे सारखे, अशा माणसाला पेपर वाचायला, बिल बघायला टपरीवरचा चष्मा खुशाल चालतो. कारण त्याच्या दोन्ही काचा एकाच नंबरच्या असतात आणि सिलिंडर त्यात नसतोच.

लेकीला एक सांगतो. आईला चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाकायला सांगा, दाबू नका. पेपर नेहमीच्या अंतरावर धरून वाचू दे, मग दुसरा डोळा झाका. एका डोळ्याला अक्षर धूसर आलं तर पेपर हळूहळू लांब न्या. लांब गेल्यावर स्पष्ट झालं तर त्या डोळ्याला जास्त प्लस हवा, जवळ आणल्यावर झालं तर कमी. कुठेच स्पष्ट होत नसेल तर सिलिंडर, मोतीबिंदू किंवा दुसरं काही असू शकतं, मग तपासणी टाळू नका.

रिक्षावाला_सातारा: मला रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकतात. +१.५ चा रेडिमेड लावून चालवू का?

भिंगवाला: नको दादा. जवळच्या चष्म्यातून लांबचं धूसरच दिसणार. दिवे फाकण्याचं कारण वेगळं आहे, त्यासाठी डोळे दाखवा.

शिवणवाली_लेक: करून बघितलं. उजव्याने छान वाचते. डाव्याने धूसर, पेपर हातभर लांब नेला तेव्हा अक्षर लागलं. म्हणजे डाव्याला जास्त हवा? मग +२.५ चा रेडिमेड घेऊ का?

भिंगवाला: तो घेतलात तर उजव्याला जड पडेल. आता एकच डोळा काम करतोय, दुसरा नुसता झगडतोय. शिवाय बुबुळांमधलं अंतर बघा. रेडिमेडमध्ये काचांचे मध्य साधारण ६२-६४ मिलिमीटरवर असतात. आईंचं ५८ असलं तर मध्य बाहेरच्या बाजूला जातात, आणि जवळ बघताना डोळे आधीच आत वळलेले असतात, त्यांना आणखी आत ओढावं लागतं. पाच मिनिटं बिल बघताना कळत नाही, दोन तास शिवताना कपाळ धरतं. नंबर वाढला की हा त्रासही वाढतो.

कोकणचा_बाळा: मान्य, आईंना करून घ्या. पण २८०० कशाला? साध्या एकनंबरी काचा आणि साधी फ्रेम मागा, बरीच कमी किंमत होते. महाग फ्रेम आणि नको ते कोटिंग गळ्यात मारतात.

भिंगवाला: हे खरं आहे. मशीनच्या सुईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजून न्या आणि नंबर काढणाऱ्याला सांगा. पेपरच्या अंतरावर काढलेला नंबर मशीनवर जास्त पडतो. आणि साखर आहे का? साखर वरखाली असताना नंबरही हलतो, तो स्थिर होईपर्यंत चष्मा करू नये.

मीनल_ताई: माझ्या सासूबाई ७२ च्या आहेत. अचानक चष्म्याशिवाय पोथी वाचू लागल्या, सगळे आनंदात.

भिंगवाला: त्यांना लवकर दाखवा. मोतीबिंदू पिकताना डोळा मायनसकडे जातो, तेव्हा असं होतं. दूरचं कमी दिसतं का विचारा. जवळचा चष्मा कुठलाही घ्या, पण चाळिशीनंतर एकदा डोळ्यांचा दाब आणि पडदा तपासाच. काचबिंदू बहुतेक वेळा दुखत नाही आणि टपरीवर कळत नाही.

कोकणचा_बाळा: गावात त्यासाठी तालुक्याला जावं लागतं, अख्खा दिवस आणि रोजगार बुडतो. तोवर १५० चा चष्मा लावून काम करणाऱ्याला मी चुकीचा म्हणणार नाही.

शिवणवाली_लेक: आईला साखर आहे, गेल्या वेळी जास्तच होती. आधी तीच तपासून घेते. तोवर हा चष्मा शिवताना काढून ठेवायला सांगू, की थोडा थोडा वेळ लावू दे?